इंग्रजी ईमेलमधले ‘डिअर’ आणि मराठी पत्राचा मायना : अनुवाद करताना जुळणी कशी करावी?

ओंकारेश्वरघाट

नमस्कार. मी पुण्यात इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करते. सध्या हाती असलेल्या कामात एका प्रश्नापाशी आठ दिवस अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

पुणे जिल्ह्यातील मुलींच्या एका शाळेला ब्रिटनमधील एक धर्मादाय संस्था दोन वर्षे मदत करत होती. संस्थेच्या प्रतिनिधीने मुख्याध्यापिकाबाईंना पाठवलेले एकतीस ईमेल शाळेच्या स्मरणिकेत मराठीत छापायचे आहेत. खरी नावे देणे उचित नाही, म्हणून बाईंना ‘सुमन’ आणि प्रतिनिधीला ‘सॅम’ म्हणते. ईमेल वाचत गेले की पत्रांचे आरंभ आणि शेवट बदलत गेलेले दिसतात. पहिल्यात ‘डिअर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’ आहे. तिसऱ्यापासून ‘डिअर मिसेस’ आणि आडनाव, शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. नवव्यापासून ‘डिअर सुमन’ आणि ‘काइंड रिगार्ड्स’. शेवटच्या काही ईमेलमध्ये नुसते ‘हाय सुमन’ आणि ‘बेस्ट, सॅम’.

पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे ‘महोदया’ आणि ‘आपला विश्वासू’ असे लिहिले. बाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ही पत्रे मला आलेली वाटतच नाहीत, शिक्षण खात्याकडून आल्यासारखी वाटतात.” दुसऱ्या मसुद्यात ‘प्रिय सुमन’ केले, तर शाळेच्या एका विश्वस्तांनी ही व्यक्ती बाईंची कोण, असे विचारले आणि बाई संकोचल्या. मूळ इंग्रजीत यांतले काहीच नाही. मग मराठीत या चार पायऱ्या कशा दाखवायच्या?

पर्वतीपायथा

मला यात फार अवघड काही दिसत नाही. ‘डिअर’ म्हणजे ‘प्रिय’, ‘सिन्सिअरली’ म्हणजे ‘प्रामाणिकपणे’. मूळ लेखकाने जे लिहिले ते अनुवादकाने लिहावे. वाचकाला संकोच वाटतो म्हणून शब्द बदलणे हे अनुवादकाचे काम नव्हे. शिवाय आता बँकांचे आणि विमा कंपन्यांचे सगळे संदेश ‘प्रिय ग्राहक’ असेच येतात. लोकांना सवय झालेली आहे.

निवृत्त_कक्षाधिकारी

श्री. पर्वतीपायथा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ‘प्रिय’ हा शब्द औपचारिक मराठी पत्रात चालतच नाही, असे नाही. मंत्रालयात मी अनेक वर्षे अर्धशासकीय पत्रांचे मसुदे केले. एखाद्या अधिकाऱ्याचे वैयक्तिक लक्ष वेधायचे असले की असे पत्र त्याच्या नावाने जाते. त्याचा मायना ‘प्रिय श्री. अमुक’ असा असतो आणि शेवटी ‘आपला’ किंवा ‘आपला स्नेहांकित’ एवढेच येते. आमच्याकडे मजकूर टंकलिखित असे आणि मायना साहेब स्वतः शाईने लिहीत. मात्र हे ‘प्रिय’ समान दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांमधले असते आणि त्याच्यापुढे ‘श्री.’ व आडनाव असते. ‘प्रिय’ला तिथे औपचारिकता येते ती या दोन गोष्टींमुळे. त्या काढून ‘प्रिय सुमन’ म्हटले की ते घरगुती पत्र होते.

नेहमीच्या शासकीय पत्रात ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ ही जोडी असते. ज्ञापनाला आणि परिपत्रकाला मायना नसतो. शासन निर्णय ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या शब्दांनी संपतो. तेथे कोणी कोणाचा विश्वासू नसतो. म्हणून आधी पत्राचा प्रकार ठरवावा आणि मग मायना व शेवट एकत्रच निवडावेत. ‘महोदया’ लिहून खाली ‘सस्नेह’ लिहिले की पत्राची दोन टोके दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी दिसतात.

लीड्सहून_मीना

मी इंग्लंडमध्ये बावीस वर्षे कार्यालयीन काम करत आहे, म्हणून इंग्रजी बाजूबद्दल सांगते. तिथले ‘डिअर’ हे प्रेमाचे अक्षर राहिलेले नाही. ज्याच्याशी वाद चालू आहे अशा माणसालाही वकील ‘डिअर सर’ असेच लिहितात. फेथफुली आणि सिन्सिअरली यांच्यातला फरकही निष्ठा किंवा प्रामाणिकपणा यांचा नाही. नाव माहीत नसेल आणि ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असे लिहिले असेल, तर शेवटी फेथफुली. नाव घालून सुरुवात केली असेल, तर सिन्सिअरली. ही ब्रिटिश रीत आहे. अमेरिकेत बहुधा नुसते ‘सिन्सिअरली’ लिहितात आणि औपचारिक पत्रात मायन्यानंतर स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम देतात.

त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये सॅमने एवढेच सांगितले आहे की आधी बाईंचे नाव माहीत नव्हते, नंतर कळले. जवळीक तिसऱ्या पायरीवर सुरू होते. आणि तीही आपल्याला वाटते तेवढी नाही. दोन-चार ईमेलनंतर पहिल्या नावावर येणे ही तिकडची साधी कामकाजाची रीत आहे. त्याला ‘अगं सुमन’ समजू नये.

बिबवेवाडी_सोसायटी

माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. थकबाकीदार सभासदांना मी ‘स.न.वि.वि.’ लिहून पत्र पाठवले, तर एका सभासदाने सभेत ते वाचून दाखवले आणि विचारले की सप्रेम नमस्कार करून पुढच्याच ओळीत एकवीस टक्के व्याजाची मागणी कशी करता? नोटिशीला मायना कोणता लिहावा?

निवृत्त_कक्षाधिकारी

सचिव महोदय, धाग्याचा प्रश्न अनुवादाचा आहे, तरी उत्तर देतो. नोटिशीत ‘प्रति’, सभासदाचे नाव, सदनिका क्रमांक, विषय, संदर्भ आणि ‘महोदय’ एवढे पुरे. नमस्कार वगळावा. शेवटी ‘कळावे’ लिहावे, ‘लोभ असावा’ लिहू नये.

मोडीवाचक

सचिवांचा प्रश्न आडवळणाचा वाटला, तरी तो मूळ मुद्द्याच्या जवळ आहे. ‘कळावे’ लिहावे, पण ‘लोभ असावा’ लिहू नये, हे कक्षाधिकाऱ्यांनी अनुभवाने सांगितले. त्याचे कारण जुन्या पत्रांत सापडते.

मी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलो आणि गेली काही वर्षे पेशवेकालीन पत्रे वाचतो. बरोबरीच्या सरदाराला लिहिलेल्या पत्राचा साचा साधारण असा असतो : ‘राजश्री अमुक गोसावी यांसि’, मग लिहिणाऱ्याचे नाव आणि दंडवत किंवा रामराम, मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष.’ आणि त्यानंतर खरा मजकूर. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती.’ हाच शेवट वडीलधाऱ्याला किंवा धन्याला लिहिताना ‘हे विज्ञापना’ असा होतो आणि लहानाला लिहिताना ‘हे आशीर्वाद’ असा होतो. दोघांचे नाते काय, हे वाचणाऱ्याला शेवटच्या दोन शब्दांवरून कळते.

यातून आजच्या कामाला उपयोगी अशा दोन गोष्टी निघतात. ‘वि.वि.’ मधला ‘विशेष’ म्हणजे ‘खास विनंती’ नव्हे. कुशल विचारून झाले, आता मजकूर सुरू होतो, असे सांगणारी ती खूण आहे. म्हणून तिचा इंग्रजीत शब्दशः अनुवाद करू नये. दुसरी गोष्ट अशी की मराठी पत्राचा शेवट एका शब्दात होत नाही, तो तुकड्यातुकड्याने होतो. ‘कळावे’ने माहिती देणे संपते, ‘ही विनंती’ने मागणे संपते, ‘लोभ असावा’ने नात्याची आठवण होते, आणि मग सहीच्या वर ‘आपला’ येते. इंग्रजीत ‘काइंड रिगार्ड्स’ या एका ओळीत यांपैकी फक्त शेवटचे दोन तुकडे आहेत. नोटिशीत नात्याची आठवण नको असते, म्हणून तेथे पत्र ‘कळावे’वरच थांबते.

‘आपला विश्वासू’ मला पेशवेकालीन पत्रांत आढळलेले नाही. ते इंग्रजी अमदानीत अर्जांच्या वाटेने रुळले असावे, असे माझे मत आहे. शाळेच्या अर्जातला ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ही त्याच वाटेने आला असावा. म्हणून फेथफुलीला ‘विश्वासू’ नेमके बसते आणि पुढच्या पायऱ्यांना बसत नाही.

पर्वतीपायथा

मोडीवाचक, आपला खुलासा पटला. ‘डिअर’बद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो. तरी एक शंका राहते. सॅमने ‘लोभ असावा’ असे कुठेही म्हटलेले नाही. ते आपण घालायचे का?

ओंकारेश्वरघाट

मोडीवाचक आणि मीनाताई, फार आभारी आहे. ‘शेवट तुकड्यांनी होतो’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे. माझी चूक आता लक्षात आली. मी सहीच्या वरच्या एका ओळीला मराठी ओळ शोधत होते आणि त्या आधीचे वाक्य जसेच्या तसे ठेवत होते. सॅमच्या बहुतेक ईमेलचे शेवटचे वाक्य ‘तुमच्याकडून ऐकण्यास उत्सुक आहे’ अशा अर्थाचे आहे. ते वाक्य मराठीत शेवटाचाच भाग आहे. त्याचे ‘आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत, कळावे’ असे केले की खाली आणखी फार काही लागत नाही.

मात्र एक अडचण मी आधी सांगितली नव्हती. सॅम हे स्त्रीचे नाव आहे की पुरुषाचे, हे बाईंनाही ठाऊक नाही. सगळा व्यवहार ईमेलवर झाला. इंग्रजीत काही अडत नाही, पण मराठीत ‘आपला’ की ‘आपली’ येथेच गाडी अडते.

गीर्वाणी

यावर सोपा उपाय आहे. ‘भवदीय’ लिहावे. तो संस्कृत शब्द आहे आणि तो लिंगानुसार बदलत नाही. तसेच आपण ‘महोदया’ लिहिता ते चुकीचे आहे. संबोधनात ‘महोदये’ हवे.

टंकलेखिका

गीर्वाणी, ‘भवदीय’चे स्त्रीलिंगी रूप ‘भवदीया’ होते आणि स्त्रिया तसे लिहितातही. शिवाय आज तो शब्द मुख्यतः हिंदी कार्यालयीन पत्रांतून आपल्याकडे येतो. मी अनेक वर्षे मराठी टंकलेखन केले. जिथे हिंदी नमुन्यावरून मराठी पत्र तयार होई, तिथे ‘भवदीय’ असे आणि मुळात मराठीत तयार झालेल्या पत्रात ‘आपला’ असे. ‘महोदये’ संस्कृतात बरोबर आहे, परंतु मराठीत ‘महोदया’ हेच रूढ आहे. शाळेच्या स्मरणिकेत ‘महोदये’ छापले तर वाचणाऱ्या मुलींना ती मुद्रणातली चूक वाटेल.

लिंगाच्या प्रश्नावर आमच्या कार्यालयात असे करत असू : संस्थेच्या वतीने पत्र असेल तर ‘आपले विश्वासू’ लिहून खाली ‘संस्थेकरिता’ आणि नाव. ‘विश्वासू’ बदलत नाही, फक्त ‘आपला’ बदलतो, त्यामुळे अनेकवचनाने काम भागते. व्यक्तीचे पत्र असेल तर ‘सस्नेह’, ‘सादर’ असा शब्द घ्यावा. त्याला लिंगच नसते. क्रियापदांकडेही लक्ष ठेवावे लागते. ‘मी पत्र वाचले’ चालते, ‘मला आनंद झाला’ चालते, पण ‘मी आलो’, ‘मी विसरले’ म्हटले की निर्णय करावाच लागतो.

गीर्वाणी

‘भवदीया’ हे रूप मी विसरले होते, आपण लक्षात आणून दिलेत. ‘महोदये’बद्दल मात्र माझे मत कायम आहे. संबोधन संस्कृतातून घ्यायचे, तर त्याचे रूपही घ्यावे. आपण ‘महोदय’ म्हणतो ते संबोधनाचे रूप मराठीतल्या प्रथमेहून वेगळे नाही, म्हणून तेथे प्रश्न दिसत नाही एवढेच.

शुक्रवारपेठ

एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही. मायना आणि मजकूर यांचे सर्वनाम एकच असले पाहिजे. ‘आपला विश्वासू’ लिहिणाऱ्याने मजकुरात ‘तुम्ही’ लिहिले की सांधा दिसतो. इंग्रजीत एकच ‘यू’ असल्याने अनुवादक पहिल्या परिच्छेदात ‘आपण’, तिसऱ्यात ‘तुम्ही’ असे नकळत करतो. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन करतो आणि अनुवादित पत्रांत सर्वाधिक खुणा याच ठिकाणी करतो.

आपल्या चार पायऱ्यांसाठी याचा उपयोग करून घेता येईल. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये ‘आपण’ ठेवावे. ‘डिअर सुमन’ जिथे सुरू होते, त्या नवव्या ईमेलपासून ‘तुम्ही’वर यावे. ‘तू’वर कधीही येऊ नये. इंग्रजीत जी पायरी नावाने उतरली, ती मराठीत सर्वनामाने उतरेल आणि ‘प्रिय’ची गरजच पडणार नाही.

लीड्सहून_मीना

अगदी योग्य. पहिल्या नावाला मराठीत ‘तुम्ही’ हीच बरोबरीची गोष्ट आहे.

ओंकारेश्वरघाट

तीन दिवस बसून नवा मसुदा केला. प्रत्येक पायरीचा एक नमुना देते. कृपया दोष दाखवावेत.

पहिला ईमेल : ‘मा. मुख्याध्यापिका यांस, महोदया, … आपल्या उत्तराची प्रतीक्षा आहे. कळावे, आपले विश्वासू, संस्थेकरिता’ आणि पूर्ण नाव. मजकुरात सर्वत्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’.

तिसरा ईमेल : ‘श्रीमती’ आणि आडनाव, ‘यांस, सादर नमस्कार. … कळावे, लोभ असावा, ही विनंती.’ खाली फक्त पूर्ण नाव. ‘आपला’ किंवा ‘आपली’ येतच नाही.

नववा ईमेल : ‘सुमनताई, सप्रेम नमस्कार. … तुमच्या पत्राची वाट पाहत आहे. सस्नेह, सॅम.’

शेवटचा ईमेल : ‘सुमनताई, नमस्कार. … सॅम.’ येथे ‘बेस्ट’साठी काहीही लिहिलेले नाही.

‘स.न.वि.वि.’ मुद्दाम टाळले. ते लिहिले की सॅम एकदम नारायण पेठेत राहणारी व्यक्ती वाटू लागते. पूर्ण शब्दांत ‘सप्रेम नमस्कार’ लिहिल्यावर तसे वाटत नाही.

शुक्रवारपेठ

पहिला नमुना उत्तम. ‘प्रति’ आणि ‘यांस’ एकत्र लिहिण्याची चूक आपण टाळली, हे पाहून समाधान वाटले. ‘प्रति’ म्हणजेच ‘कडे’. मग पुन्हा ‘यांस’ कशाला?

नवव्या नमुन्यातले ‘ताई’ मात्र मला खटकते. सॅमने ते म्हटलेले नाही आणि परदेशातील व्यक्तीच्या तोंडी नाते घालणे योग्य नाही. बाई शिक्षिका आहेत. आपल्याकडे शिक्षिकेला ‘बाई’ म्हणण्याची रीत आहे आणि त्यात नाते नाही, आदर आहे. ‘सुमनबाई’ करून पाहावे.

निवृत्त_कक्षाधिकारी

‘प्रति … यांस’ हे शासकीय पत्रांत इतके रूढ आहे की त्याला चूक म्हणण्यास माझी तयारी नाही. ‘बाई’ ही सूचना मात्र उत्तम आहे.

‘श्रीमती’विषयी सावध करू इच्छितो. शासकीय पत्रव्यवहारात आम्ही सर्व स्त्रियांना ‘श्रीमती’ लिहीत असू. परंतु जुन्या पिढीतील अनेक वाचकांना ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असेच वाटते आणि विवाहितेला ‘सौ.’च हवे असते. मूळ इंग्रजीत ‘मिसेस’ आहे, म्हणजे विवाहित असल्याचा निर्देश तेथेही आहे. हा निर्णय बाईंना विचारूनच करावा.

टंकलेखिका

मला ‘सौ.’ नको वाटते. पुरुषाच्या ‘श्री.’वरून तो विवाहित आहे की नाही हे कळत नाही, मग बाईंच्या पत्रातून ते का कळावे? ‘श्रीमती’ ठेवावे आणि लोकांना त्याची सवय होऊ द्यावी.

मोडीवाचक

नवव्या नमुन्याविषयी एक पर्याय सुचवतो. मराठीत ‘लोभ असावा’च्या पुढची पायरी आधीच तयार आहे : ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.’ पहिल्यात लोभ मागितलेला आहे, दुसऱ्यात तो मिळाल्याचे मान्य करून वाढ मागितली आहे. सिन्सिअरलीकडून काइंड रिगार्ड्सकडे जाणे नेमके तेच आहे. तिसऱ्या ईमेलला ‘लोभ असावा’ आणि नवव्याला ‘लोभ आहेच’ असे केले, तर दोन वर्षांत काय घडले हे मराठी वाचकाला एकही इंग्रजी शब्द न वाचता कळेल. आणि पर्वतीपायथा यांच्या शंकेचे उत्तरही हेच आहे. सॅमने ते शब्द वापरले नाहीत, पण आरंभ व शेवट बदलून तो अर्थ सांगितला आहे.

पर्वतीपायथा

सिन्सिअरलीसाठी ‘लोभ असावा’ मला आता मान्य आहे, कारण दोन्ही शब्द रूढीने आलेले आहेत आणि कोणी त्यांचा अर्थ शोधत बसत नाही. ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ हे मात्र मला नुसती रूढी वाटत नाही. ते मनापासून लिहिले जाते. ‘काइंड रिगार्ड्स’ लोक सहीबरोबर आपोआप उमटावे अशी सोय करून ठेवतात. त्याच्या जागी इतके भरलेले वाक्य घातले, तर सॅमने जे म्हटले नाही ते आपण म्हणू.

लीड्सहून_मीना

येथे मी पर्वतीपायथा यांच्या बाजूची आहे. ‘सस्नेह’च राहू द्यावे.

ओंकारेश्वरघाट

‘सुमनबाई’ स्वीकारले. ‘सस्नेह’ ठेवले. मोडीवाचक, आपले वाक्य मला फार आवडले आहे आणि ते सोडताना वाईट वाटते. ‘श्रीमती’ की ‘सौ.’ हे बाईंवर सोपवले, तर त्यांनी दोन्ही खोडून ‘मुख्याध्यापिकाबाई यांस’ असे लिहून दिले.

बाईंची उत्तरे मराठीतून इंग्रजीत करून मी त्या वेळीच पाठवत असे. तेव्हा घडलेली एक चूक सांगते. माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या एका मदतनीस मुलीने ‘लोभ असावा’चे कोशात पाहून ‘ग्रीड’ असे केले होते. ते पाठवण्याआधी दिसले म्हणून बरे. पत्रातला ‘लोभ’ म्हणजे ममता, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर आम्ही ‘सा.न.वि.वि.’ने सुरू होणाऱ्या पत्राला इंग्रजीत नुसते ‘डिअर सॅम’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ला ‘विथ काइंड रिगार्ड्स’ असे ठरवले. ‘सा.’ म्हणजे सादर की साष्टांग, यावरही आमचा वाद झाला होता, पण इंग्रजीत दोन्ही उतरत नसल्याने तो तसाच राहिला.

आणखी एक विचारायचे आहे. सगळे ईमेल ओळीने लावल्यावर बाविसावा ईमेल वेगळा दिसला. एकविसाव्यात ‘डिअर सुमन’ आहे, तेविसाव्यात ‘डिअर सुमन’ आहे आणि मधल्या एकातच पुन्हा ‘डिअर मिसेस’, आडनाव आणि ‘युअर्स सिन्सिअरली’ आहे. मी ती सॅमची नजरचूक समजून तेथेही ‘सुमनबाई, सप्रेम नमस्कार’ केले. बरोबर केले ना?

लीड्सहून_मीना

त्या ईमेलचा विषय काय आहे?

ओंकारेश्वरघाट

शाळेने खर्चाचा हिशेब मुदतीत पाठवला नव्हता. पुढचा हप्ता थांबवला आहे आणि दहा दिवसांत हिशेब हवा, असे त्यात आहे. मजकूर अतिशय सभ्य आहे, कुठेही कडक शब्द नाही.

लीड्सहून_मीना

मग ती नजरचूक नाही. पहिल्या नावावर आलेली व्यक्ती मध्येच आडनावावर परत जाते, तेव्हा ती नाराजी असते किंवा ‘हे पत्र मी संस्थेच्या वतीने लिहीत आहे, मैत्री बाजूला ठेवा’ असे सांगणे असते. इंग्रजीत कडक शब्द नसण्याचे कारणच हे आहे. जे सांगायचे ते मायन्याने सांगून झाले आहे. तेथे ‘सप्रेम नमस्कार’ केले तर पत्रातला कठोरपणा पूर्ण नाहीसा होईल.

शुक्रवारपेठ

म्हणजे त्या एका ईमेलमध्ये ‘तुम्ही’वरून पुन्हा ‘आपण’वर जावे लागेल. मराठीत ‘तुम्ही’ म्हणणाऱ्याने एकदम ‘आपण’ म्हटले की अंतर पडल्याचे लगेच कळते.

निवृत्त_कक्षाधिकारी

आणि ‘लोभ असावा’ तेथे येऊ नये. बिबवेवाडीच्या सचिवांना जे सांगितले, तेच येथे लागू आहे.

ओंकारेश्वरघाट

आज बाविसावा ईमेल पुन्हा केला : ‘मुख्याध्यापिकाबाई यांस, सादर नमस्कार. … हिशेब दहा दिवसांत आपण पाठवावा, ही विनंती. कळावे,’ आणि खाली सॅमचे पूर्ण नाव. तेविसाव्यात ‘सुमनबाई, सप्रेम नमस्कार. हिशेब मिळाला, तुमचे आभार’ असे आहे. बाईंना दोन्ही एकापाठोपाठ वाचून दाखवले. बाविसावा संपल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे पत्र आले तेव्हा सॅम रागावल्याचे मला कळलेच नव्हते. मी उत्तरात मुलींच्या सहलीचे फोटो पाठवले होते.”